एकाच महिन्याचे दोन पगार

कंपनीतून पगार निघतो तेव्हा प्रत्यक्षात बँकेकडे एक फाइल जाते. प्रत्येक ओळीत कामगाराचं नाव, खाते क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोड आणि रक्कम. अकाउंट्स विभागातला एक जण ती बँकेच्या पोर्टलवर चढवतो, दुसरा वरिष्ठ माणूस आपल्या लॉगिनमधून ती पाहून मंजूर करतो. बँकेच्या भाषेत पहिला मेकर आणि दुसरा चेकर. दोघांनी आपापलं काम केलं की बँकेचा संगणक फाइल वरून खाली वाचत जातो आणि ओळीमागून ओळ पैसे टाकत जातो. आपण जूनचा पगार दोनदा टाकतोय का, हा प्रश्न त्याला पडत नाही. फाइल मंजूर आहे आणि खात्यात पैसे आहेत, एवढंच तो बघतो.

आता चाकणच्या बाजूचा मध्यम आकाराचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. प्रसंग कल्पनेतला आहे, पण असे घोटाळे बहुतेक याच वाटेने होतात. १८० माणसं, हातात पडणारा एकूण पगार ६१ लाख २० हजार. तीस तारखेची संध्याकाळ. मेकरने `SALARY_JUN.csv` चढवली, चेकरने ओटीपी टाकला आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. थोड्या वेळाने लॉगिन आपोआप बंद झालं. पुन्हा आत शिरून पाहिलं तर फाइलचा पत्ता नाही. बाहेर शिफ्ट सुटलेली, कुणाच्याच मोबाइलवर मेसेज नाही, आणि एचआरला फोनवर फोन. अनेक पोर्टलं त्याच नावाची फाइल दुसऱ्यांदा घेत नाहीत, म्हणून मेकरने नाव बदलून `SALARY_JUN_1.csv` केलं. फाइल चढली, चेकरनेही मंजूर केली. पहिली फाइल हरवलेली नव्हती, ती बँकेच्या रांगेत होती. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन्ही फाइली पार पडल्या.

बँकेने घातलेली अडसर, म्हणजे त्याच नावाची फाइल न घेणं, माणसाने स्वतःच्या हाताने काढली. चेकरने दुसऱ्यांदा मंजुरी दिली तेव्हा एकूण रक्कम बरोबर होती, माणसं बरोबर होती, खाती बरोबर होती. फाइलच्या आत काहीच चूक नव्हती. त्यामुळे आकडे तपासणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ती दिसायची तर आधीच्या फाइलचं काय झालं, हे बँकेला विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. तीस तारखेच्या संध्याकाळी थांबायला कोणी तयार नसतं.

आणखी एक वाट आहे, जी थोड्याच लोकांना फटका देते म्हणून लवकर ध्यानात येत नाही. दुसऱ्या बँकांत खाती असलेल्यांचा पगार एनईएफटीने जातो. एनईएफटी आता चोवीस तास चालत असली तरी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्येच चालते. समोरच्या बँकेला काही कारणाने पैसे जमा करता आले नाहीत, तर त्या बॅचची आपसातली देवघेव झाल्यापासून दोन तासांत तिने ते परत पाठवायचे असतात. या मधल्या वेळेत पोर्टलवर `Pending` दिसतं. घाईतला माणूस त्याचा अर्थ `Failed` असा लावतो आणि त्या पाच-दहा जणांना हाताने पुन्हा पैसे पाठवतो. नंतर दोन्ही रकमा पोचतात.

पण कंपनीच्या खात्यात दुसऱ्या पगाराएवढे पैसे आले कुठून? साध्या चालू खात्यातून पगार जात असेल आणि त्यात पगारापुरतीच रक्कम असेल, तर दुसरी फाइल पैशाअभावी तिथेच परत फिरते. डबल पगाराचा प्रकार जास्त करून कॅश क्रेडिट खात्यातून पगार देणाऱ्यांकडे घडतो. सीसी खात्यात शिल्लक नसते, कर्जाची मर्यादा असते. मर्यादेत जागा असेल तोवर बँक पैसे देत राहते. आपल्या कारखान्याने दुसरा पगार दिला तो कर्ज काढून. दहा टक्के व्याजदर धरला तर ६१ लाख २० हजारांवर दिवसाला सुमारे १,६७७ रुपये व्याज. कंपनी पहिल्या दिवसापासून वसुलीसाठी अधीर का होते, ते इथे कळतं.

आता परत घेण्याचा भाग. लोकांची समजूत अशी की पैसे परत खेचायचं एक बटण बँकेकडे असतं. पैसे बँकेच्या रांगेत असतील तोवर काही अंशी ते खरंही आहे. फाइल मंजूर होऊनही प्रक्रियेत गेली नसेल, किंवा एनईएफटीची पुढची बॅच सुटायची असेल, तर बँकेतला आपला माणूस फोनवर सापडला पाहिजे, म्हणजे उरलेल्या ओळी थांबवता येतात. एकदा खात्यात जमा झालेले पैसे मात्र पाठवणाऱ्याला एकतर्फी रद्द करता येत नाहीत. एनईएफटी असो वा आरटीजीएस, तिथून पुढे `Recall` म्हणजे केवळ विनंती. ती मान्य होणं समोरच्या बँकेवर आणि मुख्यतः खातेदारावर अवलंबून.

याच्या मुळाशी बँक आणि खातेदार यांच्यातलं नातं आहे. पैसे खात्यात पडले की बँक त्या रकमेपुरती खातेदाराची देणेकरी होते. चूक बँकेची स्वतःची असेल, म्हणजे कंपनीने एकच फाइल दिली आणि बँकेच्या यंत्रणेने ती दोनदा चालवली, तर बँक आपल्या हिशोबातली चुकीची नोंद दुरुस्त करते आणि उलटी नोंद टाकते. पण आपल्या प्रसंगात बँकेने काहीच चुकीचं केलेलं नाही. कंपनीने दोनदा सांगितलं, बँकेने दोनदा केलं. आता कंपनीच्या एका पत्रावर बँकेने कामगाराच्या खात्यात हात घालायचा, तर त्याला कामगाराची संमती लागते. अनेक ठिकाणी ती आधीच घेतलेली असते. कंपनीच्या मार्फत पगार खातं उघडताना ज्या भरगच्च अर्जावर सह्या करतो, त्यात पुष्कळदा असं कलम असतं की मालकाने चुकून जास्त जमा केलेली रक्कम मालकाच्या सूचनेवरून परत घ्यायला माझी हरकत नाही. तो अर्ज वाचून सही केलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण वसुली एका दिवसात होणार की दोन महिने चालणार, ते बऱ्याच अंशी या कलमावर ठरतं.

आपल्या कारखान्यातल्या १८० जणांपैकी १३२ जणांची खाती कंपनीच्याच बँकेत आहेत, ४८ जणांची इतरत्र. पहिल्या गटाची गोष्ट एका इमारतीतली आहे. कंपनी शाखेला पत्र देते. पत्रात दोन्ही फाइलींचे बॅच क्रमांक, कोणती फाइल खरी आणि कोणती जादा, आणि सोबत यादी: नाव, खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. शिवाय एक हमीपत्र, की या वसुलीतून उद्या काही दावा उभा राहिला तर जबाबदारी आमची. हे हमीपत्र मिळेपर्यंत शाखा सहसा हालत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग बँक त्या १३२ खात्यांवर जादा रकमेपुरता होल्ड लावते. बँकेतले लोक याला लीन मार्क करणं म्हणतात. पैसे खात्यात दिसतात, पण त्यांना हात लावता येत नाही. त्यानंतर ते वळते केले जातात आणि पासबुकात उलटी नोंद उमटते.

या सगळ्यात खरा खेळ वेळेचा आहे. रात्री आठ वाजता पैसे जमा झाले आणि होल्ड दुसऱ्या दिवशी दुपारी लागला, तर मधल्या तासांत काय काय होतं पाहा. एटीएममधून पैसे निघतात, फोनवरून बायकोच्या खात्यावर जातात, उसनवार फिटते. ज्यांच्या खात्याला ऑटो स्वीपची सोय आहे, त्यांची ठरावीक मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते, आणि मग ती ठेव मोडूनच वसुली करावी लागते. यात बेइमानी फारच थोड्यांची असते. दुसरा मेसेज बँकेनेच चुकून पुन्हा पाठवला असं अनेकांना वाटतं, काहींना वाटतं बोनस आला, आणि काही जण मेसेज वाचतच नाहीत.

पॅकिंग विभागातल्या एका सुपरवायझर बाईंचं खातं जवळून पाहू. हातात येणारा पगार ३४,०००. आधीची शिल्लक २,३००. दोन्ही पगार पडल्यावर खात्यात ७०,३००. मेसेज नीट न वाचता, शिल्लक भरपूर दिसतेय म्हणून त्यांनी रात्रीच मुलाच्या कॉलेजची २६,००० फी भरली आणि दिराकडून घेतलेले १८,००० परत केले. उरले २६,३००. सकाळी बँकेने ३४,०००चा होल्ड लावला. आता ॲपमध्ये दोन आकडे दिसतात. `Ledger Balance` २६,३०० आणि `Available Balance` उणे ७,७००. काही ॲपमध्ये उणे न दाखवता शून्य दाखवतात. पाच तारखेला घरकर्जाचा ९,५००चा हप्ता आपोआप कापला जायचा आहे. खात्यात २६ हजार दिसत असूनही तो हप्ता परत जाईल, कारण मोकळा एक रुपयाही नाही. मग बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्या संस्थेचा वेगळा दंड, आणि कर्जाच्या नोंदीत डाग.

इथे भावना बाजूला ठेवून हिशोब केला तर चित्र साफ होतं. दुसरा पगार आलाच नसता तर बाईंकडे ३६,३०० असते आणि ४४,००० त्यांना खर्चताच आले नसते. म्हणजे कंपनीचे त्यांनी प्रत्यक्षात खर्चलेले पैसे ७,७०० आहेत. बाकीचे २६,३०० अजून खात्यात आहेत आणि तेही कंपनीचेच आहेत. कागदावर कंपनी ते सगळे ओढून घेऊ शकते. पण शहाणी कंपनी बँकेला कळवते की होल्ड १६,३०० वर आणा. बाईंकडे १०,००० मोकळे राहतात, पाच तारखेचा हप्ता जातो, आणि उरलेले १७,७०० पुढच्या दोन पगारांतून ८,८५० च्या दोन हप्त्यांत वळते होतात. बाईंकडून तसं एका कागदावर लिहून घ्यायचं. एवढ्याने दंड वाचतो आणि माणूसही दुखावत नाही. हे न करता आधी होल्ड लावायचा आणि माणसाला ते पेट्रोल पंपावर कार्ड नाकारलं गेल्यावर कळायचं, ही पद्धत मला अत्यंत असभ्य वाटते. चूक कंपनीची, तर होल्डच्या आधी निदान एक मेसेज पाठवायला काय हरकत आहे?

पुढच्या पगारातून एकदम सगळे का कापायचे नाहीत, याला माणुसकीखेरीज कायद्याचंही कारण आहे. पूर्वी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, जादा दिलेलं वेतन पगारातून वळतं करायची मालकाला मुभा आहे. मात्र संहितेनुसार एका वेतन कालावधीतल्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापलीकडे जायला नकोत. या निम्म्यात भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर वगैरे नेहमीच्या कपातीही आल्या. बाईंचं वेतन ४०,००० धरलं तर मर्यादा २०,०००. त्यातले ६,००० नेहमीच्या कपातीत जातात, म्हणजे वसुलीला जागा १४,०००. पूर्ण ३४,००० एका फटक्यात कापून हातात शून्याची स्लिप देणं या हिशोबात बसत नाही.

आता ते दुसऱ्या बँकांतले ४८ जण. इथे कंपनीची बँक प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घेऊन समोरच्या बँकेला कळवते, की ही रक्कम चुकून दुबार आली आहे, खातेदाराची संमती घेऊन परत करा. समोरची बँक खातेदाराला फोन करते किंवा ईमेल पाठवते. तो हो म्हणाला आणि लेखी दिलं की ती पैसे वळते करून पाठवते. तो फोन उचलत नसेल किंवा नाही म्हणत असेल, तर बहुधा उत्तर येतं: ग्राहकाची संमती नाही, क्षमस्व. आपल्याकडे यात आणखी एक वळण आहे. नागरी सहकारी बँकांपैकी बऱ्याच लहान बँका एनईएफटीमध्ये थेट सभासद नसतात, दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधाराने काम करतात. मग विनंती आधी त्या मोठ्या बँकेकडे, तिथून छोट्या बँकेच्या मुख्य कार्यालयात, तिथून तालुक्याच्या शाखेत. उत्तर त्याच वाटेने उलटं. म्हणून या ४८ जणांच्या बाबतीत बँकेवर विसंबून राहण्यापेक्षा थेट माणसाशी बोलणं जलद पडतं. तो रोज कारखान्यात येतोच आहे.

अमेरिकेत मराठी मंडळी बरीच आहेत म्हणून तिथलं सांगतो. तिथे पगार ज्या एसीएच जाळ्यातून जातो, त्याच्या नियमांत दुबार गेलेल्या रकमेची उलटी नोंद पाठवायची सोय मालकाला आहे, तीही ठरावीक मुदतीत, ५ बँकिंग दिवसांच्या आत. प्रत्येकाच्या संमतीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. पण खात्यात पैसेच नसतील तर ती नोंदही परत येते आणि गाडी पुन्हा बोलाचालीवर येते.

बँकेची स्वतःची चूक असली तरी शंभर टक्के हाती लागत नाही, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण २०२३ च्या दिवाळीतलं. १० ते १३ नोव्हेंबर या दिवसांत आयएमपीएसमधल्या गडबडीमुळे युको बँकेच्या खातेदारांच्या खात्यांत सुमारे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. बँकेने खाती अडवली आणि काही दिवसांत ६४९ कोटी परत मिळवल्याचं जाहीर केलं. म्हणजे साधारण ७९ टक्के. तो पगाराचा मामला नव्हता, तरी होल्डची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. जे खात्यात होतं ते अडवता आलं. जे निघून गेलं होतं त्यासाठी प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं.

कामगाराच्या बाजूने पहिला प्रश्न असतो, हे पैसे ठेवून घेतले तर? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ सरळ सांगतं की चुकून मिळालेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत केले पाहिजेत. चूक देणाऱ्याची होती, निष्काळजीपणा त्याचा होता, हा बचाव इथे फारसा टिकत नाही. कंपनी दिवाणी दावा लावू शकते आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. फौजदारी बाजूही आहे. दुसऱ्याचा ऐवज अप्रामाणिकपणे आपलासा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालचा गुन्हा आहे. पण त्यातला ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा. न कळता खर्च झाले म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. लेखी कळवल्यानंतर खातं रिकामं करून फोन बंद केला, तर प्रकरणाचा रंग बदलतो.

अशा वेळी व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो: जादा दिलेला पगार परत घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. निकाल खरा आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, डिसेंबर २०१४ चा. पण तो वेगळ्या दुखण्यावर आहे. सरकारी कार्यालयाने वेतननिश्चिती चुकीची केली, वर्षानुवर्षं थोडा थोडा जास्त पगार दिला, कर्मचाऱ्याने तो आपला समजून संसारात घातला, आणि निवृत्तीच्या तोंडावर कार्यालयाने लाखोंची वसुली काढली, अशा प्रकरणांत न्यायालयाने वर्ग ३ आणि ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे मिळालेले अशांना दिलासा दिला. काल संध्याकाळी दोनदा पडलेल्या आणि आज सकाळी कळलेल्या पगाराला त्या निकालाची ढाल धरता येत नाही.

मग दुसरी रक्कम दिसल्यावर करायचं काय? आधी ती खरोखर दुबार आहे का ते बघा. फरकाची थकबाकी, बोनस, रजेचे पैसे यांच्या रकमा पगाराशी रुपयान् रुपया जुळत नाहीत. दोन्ही रकमा तंतोतंत सारख्या, दोन्ही त्याच कंपनीकडून, पण संदर्भ क्रमांक वेगळे आणि पगाराची स्लिप एकच, तर शंका घ्यायला जागा उरत नाही. संदर्भ क्रमांकही तोच असेल, तर मेसेजच दोनदा आला असण्याची शक्यता आहे, म्हणून शिल्लक तपासा. त्यानंतर एचआरला ईमेल टाका की अमुक तारखेला एवढी रक्कम दोनदा जमा दिसते, परत कशी करायची ते लेखी कळवा. दोन ओळींचा हा ईमेल पुढे तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरतो.

परत पाठवायची घाई मात्र करू नका. याची दोन कारणं. एक, असा घोळ झाल्याची बातमी पसरली की भामटे जागे होतात. मी अकाउंट्समधून बोलतोय, या नंबरवर यूपीआय करा, असा फोन आला तर एक पैसाही पाठवू नका. परतीचे पैसे फक्त कंपनीच्या खात्यात जातात, कुणा साहेबाच्या मोबाइल नंबरवर नाही. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे, आणि भोगणाऱ्याला बिलकूल गमतीचं नसतं. तुम्ही भल्या मनाने सकाळी ३४,००० कंपनीला एनईएफटी केले. अकाउंट्सने बँकेला दिलेली यादी आदल्या रात्रीची. बँकेने दुपारी त्या यादीप्रमाणे आणखी ३४,००० वळते केले. पगार दोनदा आला तसा दोनदा गेला, आणि आता तुम्हीच कंपनीच्या दारात. म्हणून बँक परत घेणार की मी पाठवू, हे आधी विचारायचं आणि उत्तर ईमेलवरच घ्यायचं. स्वतः पाठवलेच तर यूटीआर क्रमांक ताबडतोब कळवून आपलं नाव यादीतून काढून घ्यायचं.

सगळ्यात कठीण वसुली नोकरी सोडलेल्यांची. मे महिन्यात राजीनामा दिला, जूनचा पगार हा शेवटचा, आणि तोच दोनदा पडला. पुढचा पगार नाही, त्यामुळे कापायला काही नाही. अखेरच्या हिशोबात रजेचे पैसे वगैरे बाकी असतील तर त्यातून वळते होतात, नाहीतर पत्र, मग वकिलाची नोटीस. वीस-पंचवीस हजारांसाठी कोर्टात जाणं कंपनीला परवडत नाही आणि हे त्या माणसालाही ठाऊक असतं. मात्र अनुभवाच्या दाखल्यासाठी किंवा पुढच्या नोकरीच्या चौकशीसाठी त्याला याच एचआरकडे यावं लागतं, आणि पुष्कळ थकीत रकमा त्या दिवशी मुकाट भरल्या जातात.

प्राप्तिकराची धास्ती बाळगायचं कारण नाही. दुबार रक्कम हा पगार नव्हेच. तिच्यावर टीडीएस कापलेला नसतो, निधीत भरणा झालेला नसतो. कंपनी आपल्या वहीत ती कर्मचाऱ्याकडून येणं म्हणून दाखवते. मार्चचा पगार दोनदा पडून वसुली एप्रिलमध्ये झाली, तरच जरा डोळ्यांत तेल घालायचं, कारण आर्थिक वर्ष मध्ये बदलतं. वर्षअखेरीच्या फॉर्म १६ मध्ये पगाराचा आकडा बारा महिन्यांचाच आहे ना, एवढं बघावं. तेरावा महिना घुसला असेल तर कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावं.

आणि पैसे परत गेल्यावर ॲप उघडून ते दोन आकडे पुन्हा एकदा पाहावेत. रक्कम वळती करणं आणि होल्ड काढणं या बँकेत वेगवेगळ्या नोंदी असू शकतात. पहिली होते आणि दुसरी राहून जाते, असं घडतं. मग वसुली पूर्ण होऊनही पुढच्या पगारातले ३४,००० अडकलेले दिसतात. `Ledger` आणि `Available` हे आकडे जुळत नसतील तर कंपनीकडून वसुली पूर्ण झाल्याचं पत्र घ्या आणि ते जोडून शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.